ड्राय की ग्रेव्ही?

चायनीजच्या गाडीवर उभं राहिलं की गाडीवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘ड्राय की ग्रेव्ही?’ उत्तर मिळाल्याशिवाय तो कढईला हात लावत नाही. भाषांतराच्या धंद्यात वीस वर्षं घासल्यावर मी एवढं नक्की सांगू शकतो, की मांचुरियनच्या बाबतीत आपल्या समाजात जी स्पष्टता आहे, ती चिनी भाषेच्या बाबतीत नाही. आमच्याकडे एका ओळीची मेल येते : ‘सोबतचं मॅन्युअल चायनीजमध्ये करून द्या. अर्जंट.’ ड्राय नाही, ग्रेव्ही नाही. प्लेट हाफ की फुल, तेही नाही.

परवाची मेल हेअर ड्रायरची होती. हॉटेलांना चपलांपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं पुरवणारी इकडचीच एक कंपनी. त्यांनी खोलीच्या खणात ठेवायचा हेअर ड्रायर काढला होता आणि शांघाय, तैपेई आणि हाँगकाँग अशा तीन ठिकाणच्या हॉटेलांची मिळून एक ऑर्डर पटकावली होती. चीनला हेअर ड्रायर विकायचा म्हणजे देवगडात जाऊन हापूसची पेटी खपवायची. पण ते त्यांचं त्यांनी जमवलं होतं. आमच्या वाट्याला आलं सोळा पानांचं मॅन्युअल.

मी रीतसर फोन केला. विचारलं, ‘‘सिम्प्लिफाइड की ट्रॅडिशनल?’’

पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘सिम्प्लिफाइडच द्या हो. हाउसकीपिंगची पोरं वाचणार, सोपं असलेलं बरं.’’

फोन ठेवून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, ‘‘ट्रॅडिशनल द्या. फाइव्ह स्टार हॉटेलं आहेत, जरा भारदस्त दिसेल.’’

म्हणजे एकाला ते बालवाडीचं पुस्तक वाटत होतं आणि दुसऱ्याला पैठणी. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारांत भाषा तितकीच सोपी किंवा अवघड असते. फरक आहे तो अक्षरांच्या बांधणीत. १९५६ साली चीनच्या सरकारने अक्षरं सुटसुटीत करण्याचा आराखडा जाहीर केला. १९६४च्या यादीत सव्वादोन हजारांच्या आसपास अक्षरांना नवं, कमी रेघांचं रूप मिळालं. ड्रॅगनचं अक्षर काढायला आधी सोळा रेघा ओढाव्या लागत, आता पाच पुरतात. कारखान्याच्या अक्षरात तर छप्पर आणि एक भिंत तेवढी उरली, आतली यंत्रसामग्री सगळी गायब. ‘प्रेमा’च्या अक्षरातून हृदय काढून घेतलं, ही तैवानी माणसाची साठ वर्षं जुनी तक्रार आहे, आणि ती शब्दशः खरी आहे : मधलं हृदयाचं चिन्ह खरोखरच काढलं आहे. १९७७ साली चीनने आणखी एक फेरी काढून पाहिली. ती इतकी अंगाशी आली, की १९८६ साली मागे घ्यावी लागली. ज्यांनी सावरकरी ‘अि’, ‘अी’, ‘अु’ची बाराखडी पाहिली आहे त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. आपल्याकडे ती चळवळ होती म्हणून काही छापील पानांत राहिली. तिकडे तो सरकारी हुकूम होता म्हणून शंभर कोटींच्या शाळेत गेली.

तैवान, हाँगकाँग आणि मकाव या भानगडीच्या बाहेर राहिले. त्यांची अक्षरं भरल्या घरासारखी आहेत तशी आहेत. सिंगापूर आणि मलेशियाने मात्र आपापल्या वेळी सुटसुटीत अक्षरं घेतली. तेव्हा सिम्प्लिफाइड की ट्रॅडिशनल हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. ड्रायर कुठे जाणार ते सांगा, लिपी आपोआप ठरते. तो शांघायला जाणार असेल तर सिम्प्लिफाइड आणि तैपेई-हाँगकाँगला जाणार असेल तर ट्रॅडिशनल. फाइलच्या नावात या दोन लिप्यांसाठी ठरलेल्या खुणा असतात : `zh-Hans` आणि `zh-Hant`. आमच्या ऑफिसात त्यांना ‘हंस’ आणि ‘हंत’ म्हणतात. हंसाचं काम साधारण वेळेत होतं. दुसरं आलं, की ‘हा हंत हंत’ असं कुणीतरी ओरडतंच.

(इथे सांगून ठेवतो, या लेखात मी एकही चिनी अक्षर घातलेलं नाही. फॉन्ट नसला की त्या जागी रिकामे चौकोन उमटतात. धंद्यात त्यांना ‘तोफू’ म्हणतात. अंकात तोफू वाढून आल्यावर वाचकांनी पत्रं पाठवण्यापेक्षा मी शब्दांत वर्णन करतो.)

आता साहेबांची युक्ती. साहेब हिशेबी माणूस. ते म्हणाले, ‘‘एकदा सिम्प्लिफाइड करून घ्या. मग ते वर्डमध्ये बटण आहे ना, ते दाबा. झालं ट्रॅडिशनल. त्या तैपेईच्या बाईंना फक्त नजर टाकायला द्या. नजर टाकायचे पैसे कमी असतात.’’

बटण आहे, हे खरं. ते दाबलं की सोळा पानं दोन सेकंदांत बदलतात, हेही खरं. गडबड अशी आहे, की अक्षरं सुटसुटीत करताना चिनी सरकारने केवळ रेघा कमी केल्या नाहीत, काही ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन वेगळी अक्षरं एकाच अक्षरात कोंबली. उच्चार एक किंवा जवळचा आहे ना, मग एकच पुरे. एकत्र कुटुंब करणं सोपं होतं. आता वाटण्या करायच्या, तर कुणाचं भांडं कुठलं हे बटणाला कसं कळणार? गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत.

हेअर ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये सगळ्यात जास्त वेळा काय येणार? ‘वाळवणे’ आणि ‘केस’. दैवदुर्विलास असा, की चिनी भाषेतली ही दोन्ही अक्षरं त्या एकत्र कुटुंबातली आहेत.

‘वाळवणे’चं सुटसुटीत अक्षर तीन रेघांचं आहे. दोन आडव्या, एक उभी. उच्चार साधारण ‘गान’. या तीन रेघांच्या छपराखाली जुनी तीन अक्षरं राहतात : एक अकरा रेघांचं, अर्थ कोरडं; दुसरं तेरा रेघांचं, अर्थ काम करणे, झाडाचं खोड वगैरे; आणि तिसरं मूळचंच तीन रेघांचं, अर्थ मध्ये लुडबुड करणे. ‘केस’चंही तसंच. पाच रेघांच्या सुटसुटीत अक्षरात एक आहे पंधरा रेघांचा केस, आणि दुसरं आहे बारा रेघांचं, ज्याचा अर्थ बाहेर पडणे, पाठवणे, भरभराट होणे. चिनी नववर्षाला ‘पैसाअडका वाढो’ म्हणून जे एकमेकांना बोलतात त्यातलं हे अक्षर.

बटण अगदीच बावळट नसतं. ते शेजारची अक्षरं बघतं. ‘केस फुंकून वाळवा’ असं पूर्ण वाक्य आलं तिथे त्याने दोन्ही अक्षरं बरोबर निवडली. पण या ड्रायरवर एक बटण होतं, त्यावर दोनच अक्षरं : ‘केस-वाळवणी’. आगा ना पीछा. वर्डच्या बटणाला ड्रायरच्या बटणाचा अर्थ लागला नाही. त्याने दोन्ही अक्षरांना सगळ्यात जास्त चालणारी जोडी चिकटवली. तेरा रेघांचं ‘काम करणे’, आणि बारा रेघांचं ‘भरभराट’.

आता तेरा रेघांच्या त्या अक्षराबद्दल एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. तैवानमध्ये ते अक्षर एकटंदुकटं दिसलं, की त्याचा पहिला अर्थ ‘काम करणे’ हा नसतो. ती शिवी आहे. रस्त्यावर रिक्षाने कट मारल्यावर आपल्याकडे जी पहिली तोंडात येते, त्या वजनाची. तिचं भाषांतर मी इथे देणार नाही. हे मासिक घरात आजीही वाचतात.

तैपेईच्या बाईंची मेल दहा मिनिटांत आली. अतिशय नम्र. त्यांनी लिहिलं होतं : ‘पान ४, ५, ७ आणि ८ वर बटणाचं जे नाव आहे, ते हॉटेलच्या खोलीत ठेवण्याजोगं नाही. बाकी फाइलही मला तपासायची नाही, नव्याने करायची आहे. दर नेहमीचाच.’

मी प्रिंट घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी विचारलं, ‘‘चूक काय आहे?’’ मी सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते बराच वेळ त्या तेरा रेघांकडे बघत बसले. ‘‘दिसायला किती सभ्य आहे हो,’’ म्हणाले.

बरं, उलट दिशेने गेलं, म्हणजे ट्रॅडिशनलचं सिम्प्लिफाइड केलं, तर त्रास पुष्कळ कमी. गहू दळणं सोपं. म्हणून जाणती माणसं दोन्ही हवं असेल तर आधी ट्रॅडिशनल करून घेतात. तरी तिथेही एखादा खडा लागतोच. ते कोरडं अकरा रेघांचं अक्षर चीनच्या छ्येनलोंग बादशहाच्या नावात आहे, आणि तिथे त्याचा उच्चार वेगळा असल्यामुळे त्याला सुटसुटीत केलेलं नाही. बटणाने केलं, तर साठ वर्षं राज्य केलेला सम्राट वाळत घातल्यासारखा दिसतो. हेअर ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये बादशहा येत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

राणी मात्र आली.

झालं असं. ‘नंतर’ हे अक्षरही त्याच एकत्र कुटुंबातलं. ‘वापर झाल्यानंतर प्लग काढा’ मधलं ‘नंतर’ सिम्प्लिफाइडमध्ये ज्या अक्षराने लिहितात, ते ट्रॅडिशनलमध्येही जिवंत आहे. पण तिथे त्याचा अर्थ राणी, सम्राज्ञी. म्हणजे ते बदललं नाही तर वाक्य होतं, ‘वापर झाल्या राणी प्लग काढा’. आणि खरी मेख इथे आहे : हे अक्षर ट्रॅडिशनलच्या शब्दकोशातलंच असल्यामुळे स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. चुकीचं अक्षर परकं असतं तर पकडलं गेलं असतं. इथे चोर घरचाच. तसंच ‘स्क्रू ढिला करा’ मधलं ‘ढिला’. ते न बदलता राहिलं, तर पाइनचं झाड. तेही सज्जन, सुसंस्कृत, शब्दकोशात नोंदलेलं झाड.

बाईंनी मला अशी वीसेक अक्षरांची एक यादी दिली. त्यांची पद्धत साधी आहे. ट्रॅडिशनल फाइल उघडायची, यादीतलं एकेक अक्षर शोधायचं, आणि ज्या ज्या ठिकाणी सापडेल तिथे थांबून अख्खं वाक्य वाचायचं. राणी सापडली की विचारायचं, इथे खरोखर राणी आहे का? हेअर ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये बहुधा नसते.

‘बहुधा’ हा शब्द त्यांनी वापरला होता. मी तो वाचला नाही. मला वाटलं, एवढं थांबून वाचायला वेळ कुणाला आहे? हाँगकाँगच्या फाइलमध्ये मी स्वतः ‘रिप्लेस ऑल’ मारला. सगळ्या राण्यांचं ‘नंतर’ करून टाकलं. चौदा ठिकाणी बदल झाला. मी साहेबांना ऐटीत सांगितलं, ‘‘चौदा चुका काढल्या.’’

त्यातल्या तेरा बरोबर होत्या. चौदावी शेवटच्या पानावर होती. हाँगकाँगच्या वितरकाचा पत्ता : क्वीन्स रोड. चिनी नावात राणीच आहे, आणि त्या एका जागी ती अगदी बरोबर होती. मी तिचं ‘नंतर’ करून वितरकाचं ऑफिस ‘महाराज-नंतर मार्गा’वर हलवलं होतं. हा रस्ता हाँगकाँगमधला जुना, बेटावरचा मुख्य. शहरातल्या शेंबड्या पोराला त्याचं नाव लिहिता येतं. गंमत म्हणजे त्या नावात आधीपासूनच भाषांतराची चूक आहे. रस्ता व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. ती स्वतः राज्य करणारी राणी. चिनी नाव देताना वापरला गेला तो शब्द राजाच्या बायकोचा. दीडशेहून जास्त वर्षं ती चूक पाट्यांवर मानाने उभी आहे. माझी चूक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आली. रस्त्याएवढं भाग्य प्रत्येकाचं नसतं.

हे झालं अक्षरांचं. समजा, प्रत्येक अक्षर अचूक बसवलं. तरी ते मॅन्युअल तैवानचं होत नाही, कारण शब्द चीनचेच राहतात. मराठीत टाइप केलेलं पण मनातून दुसरीच भाषा बोलणारं वॉशिंग मशीनचं मॅन्युअल आपण सगळ्यांनी वाचलंय. अक्षरं आपली असतात, माणूस आपला नसतो.

आमच्या मॅन्युअलमध्ये वॉरंटीच्या पानावर वाक्य होतं, ‘क्वालिटीबाबत तक्रार असल्यास’. चीनमध्ये ‘क्वालिटी’साठी रोजचा शब्द आहे ‘च्रलिआंग’. हाच शब्द भौतिकशास्त्रात वस्तुमानासाठी. तैवानमध्ये क्वालिटीला वेगळा शब्द आहे आणि ‘च्रलिआंग’ म्हणजे वस्तुमान, विज्ञानाच्या तासाला शिकवतात ते. तेव्हा तैपेईच्या पाहुण्याला वाचायला मिळतं, ‘ड्रायरच्या वस्तुमानाबाबत तक्रार असल्यास’. त्याला अर्थ कळतो, मूर्ख नसतो तो. पण त्याच्या लगेच लक्षात येतं, की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही, शेजारच्यासाठी लिहून मला उरलंसुरलं वाढलंय.

त्याहून घातक म्हणजे तक्त्यातले शब्द. ‘काय बिघडलं तर काय कराल’ असा तक्ता प्रत्येक मॅन्युअलमध्ये असतो आणि त्याखाली टीप असते, ‘तिसरी ओळ पाहा’. टेबलातल्या आडव्या ओळीसाठी आणि उभ्या रकान्यासाठी चिनीत दोन शब्द आहेत. चीनमध्ये जो आडवीचा तो तैवानमध्ये उभ्याचा, आणि उलट. दोघेही शंभर टक्के बरोबर, दोघेही एकमेकांच्या बरोबर उलटे. ड्रायरमधून जळका वास आला म्हणून तैपेईच्या माणसाने तिसरी ओळ बघायला जावं, आणि त्याला तिसऱ्या रकान्यात कस्टमर केअरचे फोन नंबर सापडावेत.

अशा शब्दांसाठी बटणापेक्षा हुशार साधनं आहेत. ‘ओपनसीसी’ नावाचं एक फुकट मिळणारं साधन नुसती अक्षरं बदलत नाही, तैवानी शब्दही घालतं. आमच्या डीटीपीच्या मुलाने ते लगेच चालवून दाखवलं :

```
opencc -c s2twp.json -i manual_cn.txt -o manual_tw.txt
```

मधला `s2twp` म्हणजे सिम्प्लिफाइडपासून तैवानी, शब्दांसकट. चांगलं आहे, मी रोज वापरतो. पण ते संगणकाच्या जगात वाढलेलं पोर आहे. चीनमध्ये ‘प्रोग्रॅम’ला जो शब्द, तोच ‘कामाची पद्धत, क्रम’ यालाही. या साधनाने ‘सफाईचा क्रम’ या मथळ्याचं इमानाने ‘सफाईचं सॉफ्टवेअर’ करून ठेवलं. जाळीतला कचरा ब्रशने काढायचा होता हो, त्यात सॉफ्टवेअर कुठून आलं!

आणि हाँगकाँग? साहेबांचं म्हणणं होतं, अक्षरं ट्रॅडिशनल, तैवानचंच पाठवा. पण ज्या वस्तूचं मॅन्युअल, तिचंच नाव जुळत नव्हतं. शांघायमध्ये ती वीजफुंकणी, तैपेईत वारा फुंकायचं यंत्र, आणि हाँगकाँगमध्ये ‘फुंगथुंग’, म्हणजे वाऱ्याचं नळकांडं. तैवानी नाव वाचून हाँगकाँगच्या माणसाला कळतं. जसं नागपूरच्या माणसाला पुणेरी बोलणं कळतं; कळण्याचा प्रश्न कधीच नव्हता. (याच हाँगकाँगमध्ये पेन ड्राइव्हला ‘यूएसबी बोट’ म्हणतात. बोट म्हणजे होडी नव्हे, हाताचं. असं नाव ठेवणाऱ्या लोकांसाठी मी वेगळी फाइल आनंदाने करीन.) शेवटी तीन फाइली झाल्या : `zh-CN`, `zh-TW`, `zh-HK`. लिपी दोन, फाइली तीन, आणि बिलात ओळी तीन, हे ऐकून साहेबांचा सिम्प्लिफाइड-ट्रॅडिशनल या विषयातला रस एकदम वाढला.

छपाईच्या आधी डीटीपीचा मुलगा धावत आला. ‘‘सर, या दोन फाइलींत एकच अक्षर आहे ना? कोड पण सेम येतोय. मग दिसतंय वेगळं कसं?’’ ते ‘सरकवण्याचं बटण’ मधलं ‘सरक’ होतं. या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे हाड असं चित्र असतं. ओलं हाड निसटतं, म्हणून सरकणे, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं आहे. शास्त्राचा आधार मागू नका. या हाडाच्या डोक्यात एक छोटा कोपरा असतो. चीनच्या छपाईत तो डाव्या बाजूला, तैवान-हाँगकाँगच्या छपाईत उजव्या बाजूला. युनिकोडने दोन्हींना एकच क्रमांक दिला आहे. कुठला कोपरा दिसणार, हे फॉन्ट ठरवतो. तैवानच्या फाइलला चुकून चिनी फॉन्ट लागला, तर मजकूर अचूक असूनही पानाचा चेहरा परका वाटतो. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही.

मुलाला काही हे पटेना. म्हणाला, ‘‘एवढ्याशा कोपऱ्याने काय होतं?’’

मी त्याच्याच मोबाइलवर त्याचं आडनाव टाइप करायला लावलं. त्यात ‘ल’ आहे. मोबाइलवर उमटला तो दंडाला टेकून बसलेला हिंदी वळणाचा ‘ल’. ‘‘आणि तुझ्या दाखल्यावर कसा आहे?’’ तो गप्प झाला. ‘ल’ आणि ‘श’ यांचंही तेच आहे : क्रमांक एक, वळणं दोन, आणि फाइलमध्ये भाषा `mr` आहे हे न सांगितल्यास फॉन्ट आपल्याला हिंदी समजतो. पुढे त्याने तिन्ही फाइलींचे फॉन्ट स्वतःहून तपासले. जे हाडाने समजलं नाही ते ‘ल’ने समजलं.

वॉरंटी कार्डावर मी फार रेंगाळत नाही. एवढंच सांगतो, की तैवानमध्ये लोक तारखेच्या रकान्यात ११३ असं वर्ष लिहितात, म्हणजे २०२४. १९१२पासून तिथला शक सुरू होतो. आपल्याकडे कुणी शके १९४६ लिहून ड्रायर बदलून मागायला गेला तर काय होईल, याचा विचार करा. आणि त्याच कार्डावर ‘देश’ असा रकाना असतो. तो ‘देश किंवा प्रदेश’ असाच छापायचा, नुसता ‘देश’ नाही. २०१८ साली चीनच्या नागरी विमान प्रशासनाने परदेशी विमान कंपन्यांना याच कारणावरून पत्रं धाडली होती : तुमच्या वेबसाइटवर तैवान देशांच्या यादीत कसा? हेअर ड्रायरने त्या वादात पडू नये.

आता मात्र मला एक सोपी युक्ती सापडली आहे. गिऱ्हाइकाला लिपी विचारायचीच नाही. त्याला सांगायचं, प्लगचा फोटो पाठवा आणि मागचं स्टिकर वाचून दाखवा. दोन चपट्या समांतर पट्ट्या आणि स्टिकरवर ११० व्होल्ट असेल, तर तैवान, म्हणजे ट्रॅडिशनल. २२० व्होल्ट आणि तिरक्या पट्ट्यांचा तीन पिनांचा प्लग असेल, तर चीन, म्हणजे सिम्प्लिफाइड. या युक्तीने आमच्या याच ऑर्डरमध्ये एक मोठा घोळ बाहेर काढला : तैवानच्या पुस्तिकेत शांघायचेच २२० व्होल्ट छापले जाणार होते. बाईंच्या यादीत ते नव्हतं, कारण आकडा दोन्ही लिप्यांत सारखाच असतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीची मेल आली. इलेक्ट्रिक किटली, ‘चायनीज’, अर्जंट. मी लगेच प्लगचा फोटो मागवला. आला. तीन जाड चौकोनी पिना. हा प्लग हाँगकाँगमध्ये चालतो आणि मकावमध्येही, जिथे ट्रॅडिशनल लागतं. आणि हाच प्लग सिंगापूरमध्ये आणि मलेशियात चालतो, जिथे सिम्प्लिफाइड लागतं.

मी पुन्हा फोन लावला आहे. अजून कुणी उचललेला नाही.